सोशल बंद करून सगळा पैसा सर्चला द्यावा का?

केतकी, नौपाडा: ठुशी, नथ, तन्मणी असे इमिटेशन दागिने मी माझ्या वेबसाइटवर विकते, थोडे मार्केटप्लेसवरही. गेल्या महिन्यात इन्स्टाग्रामवर जाहिरातीला ४०,००० खर्च झाले, रिपोर्टमध्ये विक्री १,६०,०००, म्हणजे खर्चाच्या चौपट, रोआस ४. गूगल सर्चवर १०,००० खर्च, विक्री ९०,०००, रोआस ९. इन्स्टा बंद करू का?

महेश, ऐरोली: करा. नथ शोधणाऱ्याला ती घ्यायचीच असते. रील बघणारा नुसता वेळ घालवतो.

सुनीता, वाशी: दोन्ही रिपोर्टची बेरीज २,५०,००० होते. वेबसाइटवर प्रत्यक्षात किती आले?

केतकी: १,८०,०००. साधारण १५० ऑर्डर.

सुनीता: म्हणजे निदान ७०,००० ची विक्री दोघांनीही आपल्या खात्यात धरली आहे. बाई सोमवारी जाहिरातीतून ठुशी उघडून बघते. बुधवारी गूगलवर तुमच्या दुकानाचं नाव टाकते, तिथल्या जाहिरातीवर क्लिक करते आणि घेते. इन्स्टाचं मेटा मुळातच क्लिकनंतरचे सात दिवस मोजतं, त्यामुळे ऑर्डर त्याचीही आणि गूगलचीही. गूगलमध्ये Search terms उघडून बघा.

केतकी: बघितलं. ९०,००० पैकी ६५,००० दुकानाचंच नाव शोधून आलेत!

सुनीता: वाटलंच. ते नाव त्यांना बहुतेक इन्स्टानेच सांगितलं. ते बंद केलंत तर हा ९ चा आकडाही हळूहळू खाली येईल.

प्रकाश, खारघर: मी चांदीची पैंजणं फक्त मार्केटप्लेसवर विकतो. तिथे रोआस ६ आहे, ही भानगडच नाही. तिकडेच या.

सुनीता: त्या ६ मधून कमिशन, शिपिंग आणि परत आलेला माल वजा करून बघा. शिवाय गिऱ्हाइकाचा नंबर तुम्हाला मिळत नाही, दुसऱ्या खरेदीला पुन्हा जाहिरात. केतकी, कॅश ऑन डिलिव्हरीतलं परत किती आलं?

केतकी: ३० ऑर्डर, ३६,००० च्या. माल, पॅकिंग, कुरिअर जाऊन १०० मागे ४० उरतात.

सुनीता: म्हणजे खरी विक्री १,४४,०००. त्यातले ५७,६०० उरले, ५०,००० जाहिरातीला गेले. राहिले ७,६००. परत आलेल्या पार्सलचं जाण्या-येण्याचं भाडं धरा १४० प्रमाणे ४,२००. हातात ३,४००! दोन्ही रिपोर्टना या ३० परतीच्या ऑर्डर दिसतच नाहीत. आधी तिथे हात घाला, ऑर्डर पाठवण्याआधी फोन करून खात्री करा.

महेश: परतीचं पटलं. पण इन्स्टामुळेच नाव शोधतात हे कशावरून? जुनी गिऱ्हाइकंही असतील.

सुनीता: असतील, जुन्या फोन नंबरांशी ताडून बघता येईल. दुकानाच्या नावावरची जाहिरात दोन आठवडे थांबवा आणि वेबसाइटच्या एकूण ऑर्डर बघा. त्या तितक्याच राहिल्या, तर लोक खालच्या फुकटच्या लिंकवरून येतायत.

महेश: दोन आठवड्यांत ७० ऑर्डर. दहा इकडेतिकडे झाल्या तर कशामुळे, ते कळणार कसं? त्यात लग्नसराई लागली की सगळंच वाढतं.

सुनीता: हे खरं आहे. थोडक्या ऑर्डरवर छोटा फरक दिसणार नाही, मोठा दिसेल. इन्स्टा एखाद्या शहरापुरतं थांबवायचं तर आणखी जास्त दिवस लागतील.

केतकी: निम्म्या ऑर्डर पुण्याच्या आहेत. तिथे महिनाभर इन्स्टा थांबवायची छाती होत नाही. नावावरची जाहिरात सोमवारपासून थांबवते.