फोटोतल्या भिंतीची ओल आणि पोपडे काढायचे आहेत, हीलिंग करूनही ढग राहतो

माजघर
आजोळच्या घराच्या माजघराचा एक फोटो आहे. घर गेल्या वर्षी पाडलं, त्यामुळे पुन्हा काढायचा प्रश्नच नाही. मोठा प्रिंट काढून मामाला द्यायचाय. डावीकडे खिडकी, समोर फिकट पिस्ता रंगाची भिंत, खाली लाल कोबा. खिडकीच्या उजवीकडे जमिनीपासून साधारण दोन हात उंच ओलीचा डाग आहे आणि मधोमध रंगाचे पोपडे सुटलेत. खिडकीच्या गजाची एक सावली तिरपी त्या डागावरूनच जाते.

गिंपमध्ये Heal वापरलं. पोपडे गेले, पण जागी पिवळट-करडा ढग उरला. खाली लाकडी पट्टी आहे, तिच्याजवळ तर सगळं फराटलं. फोटो ४००० पिक्सेल रुंद, जेपीजी, संध्याकाळी कमी उजेडात काढलेला. काय करू?

बाबू_गवंडी
पोपडे तारेच्या ब्रशने खरवडून काढा, पाण्याने धुवा आणि भिंत पूर्ण सुकू द्या. पावसाळ्यात हात लावू नका. लोणा लागलेला गिलावा असेल तर तो विटेपर्यंत काढावा लागेल, वरून पुट्टी मारलीत तर पुढच्या पावसात परत सुटेल.

माजघर
बाबूकाका, भिंतच राहिली नाही हो! फोटोतली भिंत आहे.

क्लिक_क्लिक
Heal मोठ्या ब्रशने करून बघ. लहान ब्रशने डाग राहतोच. मी लग्नाच्या फोटोंत चेहऱ्यावरचे फोड असेच काढतो, दोन मिनिटांचं काम आहे. नाही गेलं तर ती जागा सिलेक्ट करून सरळ ब्लर मार.

रेघोटी
मोठ्या ब्रशचं निम्मं बरोबर आहे. Heal पोत घेतं तुम्ही दाखवलेल्या जागेवरून, पण उजेड आणि रंग जुळवतं ते ब्रशच्या फटकाऱ्याच्या कडेशी. फोडाच्या भोवती चांगली कातडी असते म्हणून तिथे जमतं. इथे फटकारा अख्खा डागाच्या आत पडतो, म्हणजे कडेला ओलच आहे. ते ओलीशीच जुळवून देतं. तोच तुमचा ढग. पट्टीजवळ कडेला गडद लाकूड येतं, म्हणून फराटा.

ब्लर मात्र नको. डागाचा रंग तिथेच पसरेल आणि भिंतीचा दाणा जाऊन ती जागा प्लॅस्टिकसारखी दिसेल.

रंग आणि दाणा वेगळे करा. आधी सांगा, चांगल्या भिंतीचे आकडे किती येतात? कलर पिकरला Sample average लावून तीन-चार ठिकाणी बघा.

माजघर
खिडकीजवळ 216, 220, 205. उजव्या कोपऱ्यात 171, 172, 160. खाली पट्टीच्या जरा वर, डागाच्या बाहेर, 186, 174, 158.

रेघोटी
तिसऱ्या जागेचे आकडे बघा, तिथे लाल हिरव्यापेक्षा वर गेलाय. कोब्याची लाली भिंतीवर पडतेय. म्हणून डावीकडून उजवीकडे साधा ग्रेडियंट टाकून चालणार नाही, खालची बाजू मेल्यासारखी दिसेल.

आधी Image > Precision मधून 16 बिट करा, नाहीतर फिकट उतारावर पट्टे दिसतील. मग मूळ चित्रावर एक रिकामा लेयर घ्या. साधारण 150 चा मऊ ब्रश, आणि डागाभोवतीच्या चांगल्या भिंतीवरून रंग उचलत उचलत डाग भरून काढा. डावीकडे डावीकडचा, खाली खालचा. डागाच्या बाहेरही बरंच रंगवा, लाकडी पट्टीवर गेलं तरी जाऊ द्या. मग त्या लेयरला Gaussian Blur, 60 च्या आसपास. फटकारे विरघळून सलग उतार होईल. मास्क यानंतर लावायचा: भिंतीकडे मऊ कडेचा, पट्टीच्या रेषेला Paths ने कापलेला कडक. क्रम उलटा केलात तर मास्कच्या कडेपाशी रंग विरळ होतो आणि खालची ओल डोकावते.

आता दाणा. मूळ लेयरची प्रत काढा, तिला 8 चा ब्लर, मोड Grain extract. फक्त मूळ आणि ही प्रत दिसत असताना Layer > New from Visible. करडं चित्र मिळेल, त्यात भिंतीचा खरखरीतपणा आणि कॅमेऱ्याचे कण. ब्लर केलेली प्रत काढून टाका. करड्या लेयरवर डागाची जागा Clone ने भरा, मात्र जवळच्या, तितक्याच उजेडाच्या भिंतीवरून. अंधाऱ्या भागात कण जाड असतात, खिडकीजवळचे बारीक कण तिथे ओळखू येतात. मग लेयर सगळ्यात वर, मोड Grain merge, आणि रंगाच्या लेयरचाच मास्क त्याला. मास्क विसरलात तर उरलेल्या फोटोत दाणा दुप्पट होईल.

बाबू_गवंडी
फोटोचं मला कळत नाही, पण एक सांगतो. ओल दिसते त्याच्या वरही असते. डागाच्या टोकाला पांढरी खाराची रेघ असेल, तिच्या वर अजून हातभर भिंत जरा काळपट असते. चांगली भिंत म्हणून तिथला रंग उचलू नका. आणि जुना गिलावा रंध्याने फिरवलेला असतो, आरशासारखा सपाट कधीच नसतो.

रेघोटी
काका, हे फार कामाचं. सपाट नसण्याचं माझ्या पद्धतीत खरंच सुटतं, कारण रंध्याच्या लाटा मोठ्या असतात, 8 च्या दाण्यात त्या येत नाहीत. चांगल्या भिंतीचा एक मोठा तुकडा Clone ने वेगळ्या लेयरवर आणून दहा-पंधरा टक्के अपारदर्शकतेने ठेवला तर लाटांचा भास येतो.

माजघर
काकांनी सांगितलं तसंच निघालं! मी आधी रेघेच्या लगेच वरून रंग उचलला होता, भिंत मळकी आली. वरून घेतल्यावर जमली. ढग गेला. पण सावली? रंगवताना तीही पुसली गेली.

रेघोटी
ढग गेलाय का ते असं तपासा: New from Visible ने वर तात्पुरता लेयर काढा आणि त्याला Curves खूप उभा करून लावा. डोळ्याला सपाट वाटणारी भिंत तिथे डागाळलेली दिसली तर तेवढंच परत रंगवा. मग तो लेयर काढून टाका.

सावली मूळ फोटोतून गिरवू नका. पोपड्यांवरून जाताना ती वाकडीतिकडी झालेली असणार, आणि सपाट गिलाव्यावर ती सरळ जायला हवी. डागाच्या वर आणि खाली ती शाबूत आहे ना? त्या दोन टोकांना Multiply लेयरवर सरळ जोडा. गजापासून जितकी लांब तितकी कड मऊ, म्हणून दोन्ही टोकांची कड मोजून मधे हळूहळू मऊ करा.

पारिजात
मी सगळं काढलं नसतं. पोपडे काढावेत, पण फिकी ओल राहू द्यावी. कोकणातलं माजघर आणि भिंतीला ओल नाही, मामांना ते आपलं घर वाटेल का?

क्लिक_क्लिक
मग एवढा खटाटोप कशाला? प्रिंट स्वच्छच हवा.

माजघर
पारिजात, हा विचार केला नव्हता. रंगाचा लेयर ७० टक्क्यांवर आणला तर ओल हलकी दिसते, पण पोपड्यांच्या कडाही वर येतात. पोपडे आधी मूळ प्रतीवर Heal ने काढून मग हे करावं का? तिथे ओलीशी जुळवून घेतलं तर उलट बरंच.

रेघोटी
हो, तसं चालेल. पण करडा लेयर त्या दुरुस्त प्रतीवरून नव्याने काढावा लागेल. आणि दोन्हीचे पोस्टकार्ड आकाराचे प्रिंट आधी काढून बघा, स्क्रीनवर दिसणारी फिकी ओल कागदावर बऱ्याचदा हरवते.

सह्याद्री७१
हेच सगळं स्कॅन केलेल्या जुन्या फोटोवर चालेल का? माझ्याकडच्या फोटोत भिंतीवर नाही, कागदावरच बुरशी आहे.