मदत हवी आहे: सिंथवर संतूरसारखा सूर, पण प्रत्येक स्वर मध्येच तुटतो

निशाद_प
सॉफ्ट सिंथवर संतूरच्या जवळपास जाणारा आवाज करतोय. अटॅक ०, डिके १ सेकंद, सस्टेन ०, रिलीज ०. की दाबून धरली तर सूर छान विरत जातो. पण १२० च्या टेम्पोला आठव्या भागाचे स्वर वाजवले की प्रत्येक स्वर कापल्यासारखा थांबतो, वर 'टिक' असा आवाज येतो. डिके २ सेकंद करून पाहिला, उलट टिक वाढली.

बेसवाला
सस्टेन वाढव. ४०-५० टक्के ठेव, मग सूर टिकेल.

मंद्रसप्तक
सस्टेन वाढवून की धरलेली असेपर्यंतच टिकेल, आणि तेही ऑर्गनसारखं, न विरता. बाकीचे तिन्ही नॉब वेळेचे आहेत, सस्टेन पातळीचा आहे. तुझा घोळ रिलीजमध्ये आहे.

१२० ला आठव्या भागाचा स्वर म्हणजे २५० मिलिसेकंद. एक सेकंदाचा डिके सरळ रेषेत उतरत असेल, तर की सुटते तेव्हा पातळी अजून ७५ टक्के असते. की सुटली की डिके तिथेच संपतो आणि त्या ७५ पासून रिलीज सुरू होतो. तुझा रिलीज शून्य, म्हणून आवाज एकदम खाली आपटतो, तीच टिक. डिके २ सेकंद केल्यावर तो ८७ टक्क्यांवरून आपटू लागला.

संतूरच्या तारेला कलम लागून सुटली की ती आपली आपण विरते, तिला दाबणारं काही नसतं. म्हणजे की कधी सोडली याने फरक पडायला नको. रिलीज डिकेइतकाच, १ सेकंद ठेव. मिनीमूगवर तर रिलीजचा वेगळा नॉबच नव्हता. डिकेचा स्विच चालू केला की डिकेचीच वेळ रिलीजला लागायची.

की_बोर्ड_काकू
सस्टेन पेडल दाबून वाजव की! माझ्या कॅसिओवर असंच करते.

मंद्रसप्तक
काकू, ते पेडल आणि हा नॉब वेगळे. पण तुमचा उपायही चालेल, कारण पेडल खाली असेपर्यंत सिंथला की सुटल्याचं कळतच नाही.

बेसवाला
बरं, मग माझ्या बेसला स्वराच्या सुरुवातीलाच टिक येते ती?

मंद्रसप्तक
ती अटॅक शून्य असल्याची. ३-५ मिलिसेकंद देऊन बघ. फार दिलास तर ठोसा जाईल.

निशाद_प
रिलीज १ सेकंद केला, टिक गेली. पण द्रुत लयीत आता सगळे सूर एकमेकांत मिसळून गढूळ होतायत.

मंद्रसप्तक
डिके आणि रिलीज दोन्ही ५०० वर आण. उतार वक्र करता येत असेल तर तोही कर, म्हणजे सुरुवातीला पटकन उतरून शेपूट बारीक राहील.

निशाद_प
वक्राने बराच फरक पडला. मात्र एकच स्वर भराभर वाजवला की दुसरा ठोका कधी कधी दबका येतो. एन्व्हलप शून्यापासून सुरू होत नसेल का?

मंद्रसप्तक
सिंथवर अवलंबून आहे. काही चालू पातळीवरून पुढे चढतात, काही नव्याने सुरू करतात. मोनो मोड आणि लेगाटो बंद आहेत ना? कुठला सिंथ आहे ते सांग.