शब्दचर्चा: 'आलाप' म्हणजे बोलणं, मग त्यात शब्द का नाहीत?

केवडा
परवा आईला मैफिलीला घेऊन गेले होते. तंबोरे जुळले आणि गायिकाबाई चार-पाच मिनिटं नुसत्या 'आ'कारात गात राहिल्या. तबलजी हात मांडीवर ठेवून बसलेले. आईनं कानात विचारलं, "गाणं कधी सुरू होणार?" मी म्हटलं, "अगं, आलाप चाललाय." घरी येऊन कोश उघडला, तर आलाप म्हणजे बोलणं, संभाषण! वार्तालाप, विलाप, प्रलाप, सगळीकडे बोलणंच आहे. मग जिथे एकही शब्द नाही, त्याला हे नाव कसं पडलं?

जुना श्रोता
सोपं आहे. आलाप ही प्रस्तावना. गायक गळा तापवून घेतो, सूर लावून घेतो. शब्द आले की ताल आला, म्हणून शब्द नाहीत. तबला सुरू झाला की आलाप संपला.

खर्ज
प्रस्तावना म्हणणं ठीक, बाकीचं पटत नाही. गळा घरीच तापवून यायचा असतो. आणि तबला सुरू झाल्यावर आलाप संपत नाही. ख्यालात बंदिशीआधी जे थोडंसं गातात त्याला आम्ही औचार म्हणतो. खरी आलापी विलंबित बंदिशीच्या आत, ठेक्यावर होते. एकेक स्वर घेत बढत करायची आणि मुखडा घेऊन समेवर यायचं. ही विभागणी जुनी आहे. तेराव्या शतकात आपल्या देवगिरीला शार्ङ्गदेवानं 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात 'आलप्ति' म्हणजे राग प्रकट करणं, आणि तिचे दोन प्रकार: बंदिशीशिवायची रागालप्ति आणि बंदिशीतली रूपकालप्ति.

केवडाताई, 'लप्' म्हणजे बोलणं हे तुमचं बरोबरच आहे. मला वाटतं, इथे बोलतो तो राग. भूप आणि देशकार घ्या. दोघांचे स्वर तेच पाच: सा रे ग प ध. भूपाचा आलाप मंद्र धैवतावरून सा रे करत गंधारावर येतो आणि तिथे विसावतो. पुन्हा 'प ग, रे ग', पुन्हा गंधार. संध्याकाळचा राग, जीव खालच्या अर्ध्यात. देशकार सकाळचा. तो 'ग प ध' करत धैवतावर जाऊन थांबतो, तारसप्तकातल्या षड्जाला लागून येतो, परत धैवतावरच. रिषभावर तर तो रेंगाळतच नाही. स्वर तेच, पण कुठे थांबलात यावर नाव ठरतं. हे सांगायला शब्द लागत नाही, उलट आड येतो. 'पि'वर तोंड आवळतं, 'म'वर ओठ मिटतात, आणि ऐकणाऱ्याचं लक्ष पिया आला की नाही याकडे जातं. आकारात गळा मोकळा राहतो आणि कानाला धरायला फक्त स्वर उरतो.

सातारची आई
माझ्या मुलीला परीक्षेसाठी भूपचे आलाप वहीत लिहून दिलेत, आठ-आठ मात्रांचे. ती धडाधड म्हणते, एकही चूक नाही. पण तुमचं वाचून शंका आली, हा आलाप म्हणायचा का?

खर्ज
सुरुवातीला वही हवीच ताई, सगळे तसेच शिकलो. फक्त एक करून बघा. वही मिटायला सांगा, तंबोरा लावा आणि म्हणा, "गंधारावर हवं तेवढं थांब, मग कुठेही जा आणि परत गंधारावर ये." बहुतेक मुलांना धैवत गोड लागतो आणि ती तिथेच रमतात. दोन-तीनदा तसं झालं की ऐकणाऱ्याला देशकारचा वास येतो. चुकीचा स्वर एकही लागलेला नसतो, तरी भूप गेलेला असतो.

जुना श्रोता
औचार हा शब्द माहीत नव्हता, आभार. पण मग तराणा हाही आलापच की! त्यातही अर्थाचे शब्द नाहीत.

धमार
नाही काका, तराणा तालात बांधलेली बंदिश आहे. तुमच्या मनात बहुधा ध्रुपदातला नोमतोम असावा. तिथे आलाप आकारात नसतो. री, ना, तोम, नोम, ते अशी अक्षरं असतात. तबला-पखवाज नसतो, तरी पुढे पुढे याच अक्षरांच्या आघातानं लय उभी राहते. फैयाज खाँसाहेबांमुळे आग्रा घराण्याच्या ख्यालियांतही तो ऐकायला मिळतो. डागर घराण्यात सांगतात की ही अक्षरं 'ओम अनंत हरि नारायण' यातून आली. म्हणजे त्यांच्या लेखी आलाप निःशब्द नाहीच, तो मोडून विखुरलेला मंत्र आहे.

खर्ज
ती परंपरेची श्रद्धा आहे, तिचा आदर आहे. पण रत्नाकरात प्रबंध या जुन्या गीतप्रकाराच्या अंगांमध्ये 'तेनक' येतो, 'तेन तेन' अशी मंगल अक्षरं. मला नोमतोमचं मूळ तिकडे जास्त दिसतं.

धमार
'तेन'ला मंगल मानलं ते कशामुळे? तिथेही मंत्रच निघतो ना?

केवडा
आईला आत्ता दोन्ही राग लावून दाखवले, नावं न सांगता. देशकारला म्हणाली, "हा वर बघतोय." खर्जदादा, एक राहिलंच: बंदिशीचे शब्द घेऊन आलाप करतात, त्याला बोलआलाप म्हणतात ना? मग तिथे शब्द आड कसा येत नाही?