मदत हवी आहे: लेखकाचा सूर तटस्थ कसा? उत्तरतालिका चुकली का?

सातची_लोकल: सीसॅटचा सराव पेपर. बीडीडी चाळींवरचा उतारा. लेखकाचा सूर विचारलाय. मी 'नापसंती' दिलं, उत्तरतालिकेत 'तटस्थ'. उताऱ्यात सगळं वाईटच लिहिलंय, मग तटस्थ कसा? लवकर सांगा, उद्या क्लासमध्ये भांडायचंय.

मंजिरी_ठाणे: उतारा कुठाय? आणि चारही पर्याय द्या. नुसत्या विषयावरून सूर कुणालाच कळणार नाही.

परळचा_पप्पू: उतारा कशाला हवा? सोपं आहे. 'मात्र', 'परंतु', 'तरीही' शोधायचं. दिसलं की नापसंती, नाही दिसलं की तटस्थ.

सातची_लोकल: घ्या, टाइप केला: "बीडीडी चाळी 1920च्या दशकात उभ्या राहिल्या. तळमजला अधिक तीन मजले अशा इमारतीत 80 खोल्या, प्रत्येक खोली सुमारे 160 चौरस फुटांची. स्वच्छतागृहे मजल्यावर सामायिक. एका खोलीत अनेकदा आठ-दहा माणसे राहत. काही टीकाकारांनी या खोल्या कुटुंबासाठी अयोग्य ठरवल्या." पर्याय: कौतुक, तटस्थ, नापसंती, उपरोध.

अण्णा_गिरगाव: नायगावला आमच्या मेहुण्यांची खोली आहे. पुनर्विकासात 500 चौरस फूट मिळणार म्हणतात. पात्रतेला कागद कोणते लागतात, कुणाला ठाऊक आहे का?

मंजिरी_ठाणे: अण्णा, त्यासाठी वेगळा धागा काढा ना.

लोकल, उत्तरतालिका बरोबर आहे. परिस्थिती वाईट असणं वेगळं आणि लेखकाने तिला वाईट म्हणणं वेगळं. प्रत्येक वाक्याला दोन प्रश्न विचारा. हे मत कुणाचं? आणि मोजता येणार नाही असा एखादा शब्द इथे आहे का? 80, 160, सामायिक, आठ-दहा हे सगळं मोजता किंवा तपासता येतं. 'अयोग्य' हा एकच शब्द मताचा, आणि तो लेखकाने टीकाकारांच्या तोंडी ठेवलाय. त्यांच्याशी तो सहमत आहे असं कुठे म्हणतो? 'अयोग्य ठरवल्या, आणि ते खरेच होते' असं असतं, तर तुमचं उत्तर बरोबर ठरलं असतं.

आता चौथं वाक्य बदलून बघा. 'आठ-दहा माणसे कोंबलेली असत' केलं की नापसंती आली. 'तेवढ्याशा जागेत आठ-दहा माणसांचा संसार गुण्यागोविंदाने चाले' केलं की कौतुक. आकडे तेच राहिले, क्रियापद आणि आजूबाजूचे एक-दोन शब्द बदलले. म्हणून विशेषणांच्या आधी क्रियापदं तपासा. राहत, कोंबलेली, सामावलेली या तिघांत लेखक तीन ठिकाणी उभा आहे.

परळचा_पप्पू: पण 'मात्र'चं काय? क्लासमध्ये तेच शिकवतात.

मंजिरी_ठाणे: 'मात्र' फक्त वळण दाखवतं. 'खोल्या लहान, भिंती मात्र भक्कम' इथे वळण कौतुकाकडे आहे. 'भिंती भक्कम, खोल्या मात्र खुराड्यासारख्या' इथे नापसंतीकडे. वळणानंतर काय आलं ते वाचायचं. त्यापेक्षा 'चक्क', 'निव्वळ', 'म्हणे', 'कसाबसा' यांच्याकडे लक्ष ठेवा. हे शब्द काढले तर माहिती तीच उरते, सूर तेवढा जातो.

वाचक_विलेपार्ले: मंजिरीताई, हे पूर्ण पटत नाही. लेखकाने निवडलं काय ते बघा. गॅलरीतलं शेजारपण, गणपती, व्यायामशाळा यांतलं काहीच नाही, फक्त गर्दी आणि सामायिक स्वच्छतागृह. ही निवड म्हणजेच नापसंती.

मंजिरी_ठाणे: लेखावर चर्चा करताना तुमचं म्हणणं मान्य. पण पाच वाक्यांच्या उताऱ्यात काय गाळलं ते परीक्षार्थीला कळायचं कसं? तो स्वतःला माहीत असलेली चाळ उताऱ्यात घालणार आणि चुकणार. बोट ठेवता येईल असा शब्द नसेल, तर 'तटस्थ' द्यावं.

वाचक_विलेपार्ले: मग हे घ्या: "नालेसफाई 100 टक्के पूर्ण झाल्याचे प्रशासनाने जाहीर केले. पहिल्याच पावसात हिंदमाताला गुडघाभर पाणी साचले." मताचा शब्द एकही नाही. तटस्थ?

परळचा_पप्पू: दोन्ही गोष्टी खऱ्या, म्हणजे तटस्थ.

मंजिरी_ठाणे: नाही, हा उपरोध. दावा आणि तो खोटा पाडणारी घटना शेजारी-शेजारी ठेवलीय, शिवाय 'पहिल्याच'मधला 'च' आहेच. पण तो 'च' काढला तरी उपरोध जात नाही, एवढं मान्य करते. म्हणजे शब्दांच्या जोडीला मांडणीही बघावी लागेल.

वाचक_विलेपार्ले: मांडणी चालते, मग निवड का नाही?

मंजिरी_ठाणे: कारण मांडणी उताऱ्यात दिसते, गाळलेलं दिसत नाही.

वाचक_विलेपार्ले: चाळीच्या उताऱ्यातही टीकाकारांचं वाक्य मुद्दाम शेवटी ठेवलंय. ती मांडणीच झाली.

सातची_लोकल: थांबा, उताऱ्यात अजून एक वाक्य होतं, महत्त्वाचं वाटलं नाही म्हणून टाइप केलं नाही. टीकाकारांनंतर: "बांधकाम खात्याने ते आक्षेप नोंदवून घेतले."

मंजिरी_ठाणे: अहो, ते आधी द्यायचं ना! दोन्ही बाजू दिल्यात आणि 'नोंदवून घेतले' हे क्रियापदही कोरडं. आता तर तटस्थच.

वाचक_विलेपार्ले: नुसते 'नोंदवून घेतले', पुढे काही केलं नाही, हा टोमणा नाही का?