मदत हवी आहे: कांद्यासाठी पाटाचं आणि विहिरीचं खारं पाणी किती प्रमाणात मिसळावं?

टेलवरचा
नमस्कार. मी इंदापूर तालुक्यातला, नीरा डाव्या कालव्याच्या शेपटाकडचा शेतकरी. पाण्याची पाळी येते, पण कधी येईल आणि किती चालेल याचा भरवसा नाही. म्हणून मागच्या पाळीत शेततळं भरून घेतलं. तळ्यात 15 लाख लिटर बसतं. उन्हानं उडून जाणारं वजा करून 12 लाख हाताशी धरलंय. एक एकर रब्बी कांदा करायचा आहे, ठिबकवर. काढणीपर्यंत साधारण 16 लाख लिटर लागेल असा अंदाज आहे, म्हणजे 4 लाखाला कमी पडतंय. विहिरीला पाणी भरपूर, पण खारं.

प्रयोगशाळेतून दोन्ही पाणी तपासून आणलं. पाटाची ईसी, म्हणजे खारेपणाचा आकडा, 0.4, विहिरीची 3.2. विहिरीत सोडियम 20, कॅल्शियम-मॅग्नेशियम मिळून 12. पाटाच्या पाण्यात सोडियम 0.8, कॅल्शियम-मॅग्नेशियम 3.2. विहिरीचं बायकार्बोनेट 5 आहे. रान काळं, भारी, दीड फुटाखाली चिकट.

प्रश्न एवढाच: कांद्याला चालेल असं पाणी करायला दोन्ही किती-किती घेऊ? गेल्या वर्षी नुसत्या विहिरीवर अर्धा एकर केला होता. पातीचे शेंडे जळाले, गाठी लिंबाएवढ्या राहिल्या. यंदा तसं होऊ द्यायचं नाही.

भीमाकाठ
दादा, फार विचार नका करू. कांद्याला 1.2 ईसीपर्यंत काहीही होत नाही, हा आकडा सगळीकडे छापलेला आहे. मिसळून 1.2 आणा की झालं. 5 भाग पाट, 2 भाग विहीर. गणित करून बघा: 5 गुणिले 0.4 म्हणजे 2, आणि 2 गुणिले 3.2 म्हणजे 6.4. दोन्हींची बेरीज 8.4, भागिले 7, बरोबर 1.2. तुमच्या 12 लाखांत विहिरीचं 4.8 लाख मिसळलं की 16.8 लाख झालं. कांदा निघतोय.

खारपाणपट्टा अकोला
आमच्याकडे पूर्णेच्या खोऱ्यात हा प्रश्नच येत नाही, कारण आम्ही बोअरचं पाणी रानाला दाखवतच नाही. एकदा दिलं की काळी माती दगडासारखी होते आणि पुढच्या पावसाळ्यात पाणी वरच साचून राहतं. शेततळ्यातलं पावसाचं पाणी, आणि त्यावर हरभरा. भाऊ, तुम्ही विहिरीचा नाद सोडा, कांद्याऐवजी हरभरा करा.

टेलवरचा
अकोलावाले भाऊ, तुमचं म्हणणं समजतं, पण रोप तयार आहे, 50 दिवसांचं झालंय. पीक बदलणं आता शक्य नाही.

माती-पाणी ताई
मी बरीच वर्षं माती-पाणी तपासणीच्या कामात आहे, म्हणून लिहिते. भीमाकाठ यांचं मिश्रणाचं गणित बरोबर आहे, पण ते 1.2 चुकीच्या जागी बसलंय. कांद्याचा जो 1.2 छापतात तो पाण्याचा नाही, मातीचा आहे: माती पाण्यानं पूर्ण भिजवून तिचा रस काढला की त्याची ईसी. पाण्यातले क्षार जमिनीत साचतात, पाणी पीक पितं आणि मीठ मागे राहतं. थोडं जास्तीचं पाणी खाली झिरपत असेल तर मातीतली ईसी पाण्याच्या साधारण दीडपट होते. म्हणून माती 1.2 ठेवायची तर पाणी 0.8 चं लागतं. तुम्ही 1.2 चं पाणी दिलंत की माती 1.8 वर जाते, आणि कांद्याच्या तक्त्यात तिथे सुमारे 10 टक्के घट लिहिलेली आहे. पाणी 1.8 झालं तर घट 25 टक्क्यांच्या घरात जाते.

आता 0.8 चं गणित करून बघा. विहिरीचा वाटा काढायचा तर 0.8 मधून 0.4 वजा, त्याला 3.2 वजा 0.4 नं भागा. 0.4 भागिले 2.8, म्हणजे सातातला एक भाग. 6 भाग पाट, 1 भाग विहीर. तुमच्या 12 लाखांत विहिरीचं फक्त 2 लाख बसतं, एकूण 14. कमी पडतंच. म्हणजे तुमच्यापुढे निवड आहे: एकर कमी करा आणि 0.8 ठेवा, नाहीतर एकर पूर्ण करा आणि 10 टक्क्यांची घट गृहीत धरा. मी असते तर पाऊण एकराच्या थोडं वर केलं असतं, पण हिशेब तुमच्या घरचा आहे.

भीमाकाठ
ताई, हे मला माहीत नव्हतं. आठ वर्षं मी तो आकडा पाण्याचा समजत होतो.

टेलवरचा
ताई, आभार. रोप सगळं लावून टाकायचं आहे, म्हणून एक एकरच करतो. 5 ला 2 नं जातो. पण एक विचारायचं होतं: रोप लहान असताना जास्त नाजूक असतं ना? मग सुरुवातीला निव्वळ पाटाचं देऊन नंतर खारं वाढवलं तर?

माती-पाणी ताई
चांगला प्रश्न विचारलात. कांद्याचं रोप लहान असताना खारेपणाला सगळ्यात हळवं असतं, पुढे सोसण्याची ताकद वाढते. त्यामुळे पहिले 35 दिवस नुसतं पाट द्या, त्याला समजा 4 लाख लागले. उरले 8 लाख पाट आणि 4.8 लाख विहीर. हे मिसळलं की ईसी 1.45 येते. 1.2 च्या जागी 1.45, पण तोवर मुळं धरलेली असतात. मीठ एकूण तेवढंच जातं, फक्त उशिरा जातं. माझ्या मते तुमच्यासाठी हेच बरं.

निचरा-वेडा
मी इथे थोडा असहमत आहे. काळ्या रानात खारं आणि गोडं आलटून-पालटून देणं धोक्याचं. खाऱ्या पाण्यातल्या सोडियमनं माती भरते, आणि वर एकदम गोडं पाणी पडलं की चिकणमातीचे कण सुटतात, वर पापुद्रा धरतो, पाणी मुरत नाही. म्हणून मी एकसारखं मिश्रणच द्या म्हणेन.

माती-पाणी ताई
तुमची भीती खरी आहे, पण यांचे आकडे बघू. नुसत्या विहिरीच्या पाण्याचं सोडियमचं गुणोत्तर काढलं तर 20 भागिले 12 च्या निम्म्याचं, म्हणजे 6 चं वर्गमूळ, सुमारे 8. पाटाचं तसंच काढलं तर सुमारे 0.6. 5 ला 2 मिश्रणात सोडियम 6.3, कॅल्शियम-मॅग्नेशियम 5.7, गुणोत्तर 3.7 येतं. पाणी पातळ केलं की सोडियम आणि कॅल्शियम दोन्ही कमी होतात, पण गुणोत्तर त्यापेक्षा हळू उतरतं, कारण खाली वर्गमूळ आहे. ईसी 1.2 ला 3.7 हे मुरण्याच्या दृष्टीनं काठावर पण चालण्यासारखं आहे. बायकार्बोनेटही कॅल्शियम-मॅग्नेशियमपेक्षा कमी आहे, तेव्हा चुन्याचा साका होऊन गुणोत्तर फार वाढेल असं नाही. सुरुवातीला गोडं आणि नंतर मिश्रण, असा एकच बदल होणार आहे, उलटं नाही. खरा धोका पावसाचा आहे. मिश्रणानंतर पहिला वळीव पडेल तेव्हा तो पापुद्रा दिसेल.

भीमाकाठ
मग जिप्सम टाकलं तर खारं पाणी गोडं होईल ना? आमच्या गावात एकानं पाइपवर चुंबकाचं यंत्रही बसवलंय, तो म्हणतो पाणी हलकं झालं.

माती-पाणी ताई
जिप्समनं पाणी गोडं होत नाही, उलट ईसी थोडी वाढते, कारण ते स्वतः मीठच आहे. त्याचं काम वेगळं आहे: कॅल्शियम देऊन सोडियमला मातीवरून हटवायचं. पापुद्रा आणि न मुरणारं पाणी ही तक्रार असेल तिथे उपयोग, पातीचे शेंडे जळत असतील तिथे नाही. चुंबकाचं सांगते: यंत्राच्या आधी आणि नंतर मीटर बुडवा. आकडा तोच येईल. मीठ कुठेच गेलेलं नसतं.

टेलवरचा
मीटरवरूनच एक शंका. माझं छोटं मीटर विहिरीला 1600 पीपीएम दाखवतं, प्रयोगशाळेनं 3.2 दिलंय. कोण खरं?

निचरा-वेडा
दोघंही खरं. काही मीटर ईसीला 500 नं गुणून पीपीएम दाखवतात, काही 640 नं. तुमचं 500 वालं आहे, 3.2 गुणिले 500 बरोबर 1600. म्हणजे तुमच्या मीटरवर 1.2 ची खूण 600 आहे, 1.45 ची 725. दुकानदारानं दिलेला '1000 च्या आत चालतं' हा नियम कांद्याला लावू नका.

आणि मिसळायचं कसं, तेही बघा. तळ्यात विहिरीचं पाणी सोडलं तर ते लगेच एकजीव होत नाही. तोट्या बंद-चालू करून वेळ मोजून मिसळणं सोपं. तळ्याचा पंप ताशी किती देतो आणि विहिरीचा किती?

टेलवरचा
ड्रम भरून मोजलं. तळ्याचा 15,000 लिटर, विहिरीचा 10,000.

निचरा-वेडा
मग दोन तास विहीर आणि दोन तास पाट, असं नको. ते 10 ला 15 होईल, ईसी 1.5 च्या वर. तुम्हाला 70,000 लिटर एका वेळी द्यायचं असेल तर 5 ला 2 साठी तळ्यातलं 50,000 आणि विहिरीचं 20,000. म्हणजे विहीर 2 तास, तळं 3 तास 20 मिनिटं. आधी विहीर लावा, शेवटी तळं, म्हणजे मुळांजवळ गोडं पाणी राहतं आणि नळ्याही धुतल्या जातात. ताईंच्या पद्धतीनं 35 दिवसांनंतर 1.45 चं द्यायचं तर 8 ला 4.8 धरायचं, तेव्हा तेवढ्याच 70,000 ला विहीर 2 तास 38 मिनिटं, तळं 2 तास 55. शेवटच्या ड्रिपरखाली पेला धरून मोजायचं असेल तर ते पूर्ण वेळाचं पाणी एका बादलीत जमवून मोजा, मधला कोणताही क्षण नाही.

माती-पाणी ताई
विहिरीचा 3.2 हा आजचा आकडा आहे. पाणी खाली गेलं की उन्हाळ्याकडे तो वाढू शकतो. पंधरवड्याला मोजा आणि वेळ बदला. दोन गोष्टी डोळ्यांनी बघा: ठिबकच्या ओल्या गोलाच्या कडेला पांढरी बुरशीसारखी रेघ, आणि पाती निळसर गडद होऊन शेंडे वाळणं. हलका पाऊस आला तर ठिबक बंद करू नका, चालूच ठेवा. कडेला जमलेलं मीठ थोड्या पावसानं मुळांकडे परत येतं, त्याला खाली ढकलणारं पाणी वरून चालू हवं.

टेलवरचा
लावण झाली. पहिले 35 दिवस नुसत्या पाटावर पूर्ण झाले, रोप एकसारखं उभं आहे. काल पहिलं मिश्रण दिलं, बादलीतलं पाणी मीटरवर 735 आलं, अपेक्षेपेक्षा दहा वर. तळ्याचं पाणी उन्हानं आटून थोडं खारं झालं असावं.

एक हिशेब मात्र रात्री करून बसलो. विहिरीच्या एका लिटरला, 3.2 ला 640 नं गुणून, साधारण 2.05 ग्रॅम मीठ. 4.8 लाख लिटर म्हणजे जवळजवळ 980 किलो. एका एकरात एका हंगामात जवळजवळ टनभर. ताई, हे जाणार कुठे? आमच्याकडे पाऊस कमी, आणि दीड फुटाखाली चिकट.

माती-पाणी ताई
जे झिरपणार नाही ते तिथेच राहणार. काढणीनंतर 0 ते 30 आणि 30 ते 60 सेंटिमीटरचे नमुने घ्या, आणि पावसाळ्यानंतर परत घ्या. खालच्या थरातली ईसी पावसाळ्यानंतर उतरली नसेल, तर पुढच्या वर्षी हेच पाणी त्या रानात नको. मी दीडपटचा जो आकडा दिला तो झिरपणाऱ्या रानाचा आहे. तुमच्या रानात तो जास्तच निघेल, म्हणून 10 टक्के ही घट मी खात्रीनं सांगत नाही.

निचरा-वेडा
निचऱ्याचा चर खणून बघितलाय का कुठे? माझ्या रानात शेजारच्या ओढ्यापर्यंत उतार मिळाला, तुम्हाला मिळेल का यावर सगळं आहे.

टेलवरचा
ओढा 300 मीटरवर आहे, मध्ये भावकीचं रान. विचारतो. या भागात कुणी निचऱ्यासाठी जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकलेत का? टाकले असतील तर पाइपातून निघणाऱ्या पाण्याची ईसी कुणी मोजली आहे का?