मदत हवी आहे: क्रोशाच्या गोल रुमालाचा तक्ता आहे, सुरुवात कशी करू?

निळी_जास्वंद:
एका जुन्या जपानी पुस्तकातल्या पानाचा फोटो जोडला आहे. वर तयार रुमालाचं चित्र आहे, खाली खुणांचा तक्ता. अक्षर एकही वाचता येत नाही. मला साखळी आणि एक वेढा घेऊन खांब एवढंच येतं. सुरुवात कशी करू?

पानसुपारी:
सोपं आहे. खाली उजव्या कोपऱ्यातून सुरू करायचं, पहिली ओळ उजवीकडून डावीकडे, दुसरी डावीकडून उजवीकडे. सगळे तक्ते असेच वाचतात.

सुईदोरा:
पानसुपारी, चौकोनांच्या तक्त्याला तुमचं म्हणणं बरोबर आहे. हा तक्ता गोल आहे, त्याला कोपराच नाही.

जास्वंद, तक्त्याच्या मधोमध बघा. ८ लहान अंडाकृती खुणा गोल करून बसल्या आहेत आणि त्यांच्यामध्ये एक काळा ठिपका आहे. अंडाकृती म्हणजे साखळी, ठिपका म्हणजे स्लिप स्टिच. ८ साखळ्या घाला, पहिल्या साखळीत सुई घाला, दोरा ओढून तो सुईवरच्या फासातूनही सरळ बाहेर काढा. कडी तयार झाली. त्याआधी साखळी पिळली गेलेली नाही ना, एवढं बघून घ्या.

आता कडीवर ३ अंडाकृती उभ्या रचलेल्या दिसतात, शेजारी १ आकडा आहे. तो फेरीचा आकडा. त्या ३ साखळ्या म्हणजेच पहिला खांब, म्हणून त्या सोडून मोजायचं नाही. तिथून घड्याळाच्या उलट दिशेने चला. आडवी टोपी आणि दांड्यावर एक तिरकी रेघ असलेली खूण म्हणजे तुम्हाला येतो तोच खांब. असे २३ आहेत. ३ साखळ्यांचा एक धरून २४ झाले. शेवटी ठिपका आहे, तो त्या ३ साखळ्यांपैकी सगळ्यात वरच्या साखळीत.

आज एवढंच विणा, २४ मोजा आणि फोटो टाका.

कापूसकोंडा:
२४ खांब आणि ८ साखळ्या, म्हणजे प्रत्येक साखळीत ३ खांब. हिशोब चोख बसतो. प्रत्येक साखळीत सुई घालून तीन-तीन करा.

सुईदोरा:
हिशोब बसतो हे खरं, पण तक्ता तसं सांगत नाही. एका टाक्यात तीन खांब असले की त्यांचे पाय एका बिंदूत मिळालेले दाखवतात, पंख्यासारखे. इथे २४ पाय सारख्या अंतरावर सुटे आहेत. म्हणजे सुई साखळीत घालायची नाही, कडीच्या मधल्या भोकातून घालायची आणि साखळी खांबांच्या पोटात झाकून टाकायची. वरचं चित्र मोठं करून पाहिलं तर मध्ये गुळगुळीत गोल भोक दिसतं, तीन-तीनचे गठ्ठे दिसत नाहीत. तक्त्यात शंका आली की तयार वस्तूच्या चित्राकडे बघायचं.

रानमेवा:
८ साखळ्या कशाला? बोटाला दोरा गुंडाळून मॅजिक रिंग करावी, भोक राहत नाही.

सुईदोरा:
या नमुन्यात भोक हवंच आहे. मॅजिक रिंग आवळली तर २४ खांबांना मध्ये जागा उरणार नाही, ते एकमेकांवर चढतील. शिवाय गुळगुळीत सुती दोऱ्याचं शेपूट नीट ओवून बंद केलं नाही, तर धुताना ती रिंग सैल होते. लोकरीच्या बाहुल्या-खेळण्यांना ती उत्तम.

निळी_जास्वंद:
केलं. पण १८ खांबांतच कडी भरली. पुढचे कसेबसे कोंबले. आणि मोजताना एकदा २४ येतात, एकदा २५. फोटो टाकला आहे.

सुईदोरा:
कडी भरलेली नाही, खांब पसरून बसले आहेत. नखाने ते मागे सरकवा, दाटीने बसवा, सगळे सहज मावतील. जागा नाही म्हणून कमी घातले तर पुढची प्रत्येक फेरी चुकेल, कारण सगळा नमुना २४ वर बेतला आहे.

२५ येतात ते शेवटच्या स्लिप स्टिचमुळे. तिचा फास वरून टाक्यासारखाच दिसतो. वरचे फास मोजू नका, उभे दांडे मोजा. ३ साखळ्यांचा एक आणि २३ खरे.

दुसऱ्या फेरीत खांब, एक साखळी, खांब, एक साखळी असं आहे, प्रत्येक खांबाच्या डोक्यावर एक खांब. सुरुवातीला ४ अंडाकृती आहेत. त्यांतल्या ३ म्हणजे खांब आणि चौथी पुढच्या घराची, म्हणजे दोन खांबांमधल्या मोकळ्या जागेची साखळी. म्हणून फेरी जोडताना खालून तिसऱ्या साखळीत जोडा. चौथीत जोडलंत तर पहिलं घर आक्रसतं आणि जोडाची रेघ तिरकी चढत जाते. शेवटी २४ खांब आणि २४ घरं हवीत.

या फेरीनंतर काम सपाट टेबलावर ठेवून बघा. वाटीसारखं कडेने उचललं गेलं तर साखळ्या घट्ट होताहेत. सुई अर्ध्या नंबराने मोठी घ्या. कडेला झालर आली तर आधी टाके मोजा. बरोबर असले तर साखळ्या सैल आहेत. किंचित लाट असेल तर पुढे जा, शेवटी ओला करून टाचण्या लावून वाळवला की बसते. वाटी मात्र टाचण्यांनी पुरती जात नाही.

पानसुपारी:
मग माझा चौकटींचा तक्ता? जाळीचा मोर आहे, खालची ओळ २० चौकटींची आणि सगळ्या रिकाम्या. साखळ्या किती घालू?

सुईदोरा:
एका चौकटीला ३ टाके धरायचे असतील तर २० गुणिले ३, अधिक ५, म्हणजे ६५ साखळ्या. पहिला खांब सुईपासून आठव्या साखळीत. ओळीची पहिली चौकट भरलेली असती तर ६३ साखळ्या आणि पहिला खांब चौथीत. तुमच्या पुस्तकात चौकटीला २ टाके असतील तर हा हिशोब चालणार नाही, आधी ते बघा. पुढचं विचारायला वेगळा धागा काढा, इथे गोंधळ होईल.

रानमेवा:
जास्वंद, व्हिडिओ बघून शिकत असशील तर सांभाळ गं. याच खांबाला अमेरिकन बाई डबल म्हणते आणि इंग्लंडची ट्रेबल. नाव ऐकू नकोस, खूण बघ.

निळी_जास्वंद:
दुसरी फेरी झाली, सपाट आहे! तिसऱ्या फेरीच्या सुरुवातीला ३ साखळ्यांच्या आधी एक जास्तीचा ठिपका आहे. आणि सहाव्या फेरीच्या पाकळ्यांवर पानाची घडी आली आहे, दांड्यावर रेघा एक की दोन ते कळत नाही.

सुईदोरा:
तो ठिपका म्हणजे शेजारच्या घरात सरकायची स्लिप स्टिच. तिसऱ्या फेरीत प्रत्येक घरात २ खांब आहेत, म्हणून आधी घराच्या मधोमध पोचायचं. तो ठिपका सोडलात तर पहिली जोडी घराऐवजी खांबावर बसते.

पाकळीचं मी आत्ता सांगणार नाही. एक रेघ म्हणजे एक वेढा, दोन म्हणजे दोन वेढे, आणि त्यावर पाकळीची उंची ठरते. पान काचेखाली दाबून, खिडकीजवळ, वरून सरळ फोटो काढा. तोवर पाचव्या फेरीपर्यंत जा.

कापूसकोंडा:
दोनच असणार, चित्रातली पाकळी लांब आहे.

सुईदोरा:
असेलही. पण त्याच पाकळीच्या कडेचे खांब आखूड दिसताहेत, म्हणजे दोन्ही प्रकार मिसळलेले असू शकतात. नवा फोटो येऊ दे.