मदत हवी: उलाढाल १.६२ कोटी, टॅक्स ऑडिट लागेल का?

पाईपवाला: आमची दोघांची भागीदारी फर्म, पाईप-फिटिंगचा धंदा. २०२४-२५ ची विक्री जीएसटी सोडून १.६२ कोटी. आदल्या वर्षी ९२ लाख होती, तेव्हा ऑडिटचा प्रश्नच नव्हता. आता सीए म्हणतात लागेल, भागीदार म्हणतो दहा कोटींपर्यंत लागत नाही. खरं काय?

दुपारचा_चहा: भागीदार बरोबर आहे. मर्यादा दहा कोटी झालीये. सीएला फी हवी असेल :)

वहीखाते: अर्धंच बरोबर. मूळ मर्यादा एक कोटीच आहे. दहा कोटी फक्त त्यांना, ज्यांची रोख जमा एकूण जमेच्या पाच टक्क्यांच्या आत आणि रोख खर्चही एकूण दिलेल्या पैशाच्या पाच टक्क्यांच्या आत. दोन्ही बाजू पास व्हाव्या लागतात. पाईपवाला, आकडे द्या.

पाईपवाला: एकूण जमा १.८० कोटी, त्यात रोख ७.४ लाख. एकूण दिलेले १.७० कोटी, त्यात रोख ९.१ लाख. हमाली आणि टेम्पोवाले रोखच मागतात हो.

वहीखाते: जमेकडे मर्यादा ९ लाख, तुम्ही आत. देण्याकडे ८.५ लाख, तुम्ही साठ हजारांनी बाहेर. म्हणजे मर्यादा एक कोटी, सीए बरोबर. बेअरर चेकने दिलेलेही रोखीतच धरतात, तेही बघा.

नुसतेच_वाचक: पण जीएसटी ऑडिट तर बंद झालं ना?

वहीखाते: ते वेगळं. इथे आयकराचं, कलम ४४एबीचं चाललंय.

पाईपवाला: त्या ९.१ मध्ये ९० हजार भागीदाराने घरखर्चाला उचललेत. ते वगळले तर पास!

वहीखाते: कायद्यात 'सर्व देणी' असे शब्द आहेत, म्हणून मी धरेन. काही सीए उचल वगळतात. तुमच्या सीएला विचारा, पण एवढ्या काठावर मी चाललो नसतो. चुकलं तर दंड उलाढालीच्या अर्धा टक्का, म्हणजे तुम्हाला ८१ हजार.

दुपारचा_चहा: मग कलम ४४एडीची अंदाजे नफ्याची योजना घ्या की, दोन कोटींच्या आत आहात. सहा टक्के नफा दाखवा, ऑडिट नाही.

वहीखाते: हा मुद्दा मात्र खरा. पण बँकेतून आलेल्या विक्रीवर सहा, रोखीवर आठ टक्के, म्हणजे जवळपास दहा लाख नफा धरावा लागेल. त्यातून भागीदारांचा पगार वजा होत नाही, आणि फर्मला कर ३० टक्के. पाईपवाला, पगार काढल्यावर नफा किती उरतो?

पाईपवाला: साडेपाच लाख.

वहीखाते: मग ऑडिटची फी स्वस्त पडेल. शिवाय एकदा ४४एडी घेऊन पुढच्या पाच वर्षांत सोडलं, तर पुन्हा पाच वर्षं मिळत नाही.

काचेचं_कपाट: आमची एलएलपी, उलाढाल ४८ लाख. मग आम्ही सुटलो?

वहीखाते: आयकराच्या ऑडिटमधून सुटाल. पण ४० लाखांच्या वर एलएलपी कायद्याचं ऑडिट आहेच. ४४एडी तुम्हाला नाही.

पाईपवाला: भागीदाराला हा धागा दाखवला. म्हणतो, टेम्पोवाल्याला यूपीआय शिकवतो.